क्रेन कोसळल्यावर विमा कंपनीला जाणारं पहिलं पत्र: त्यात काय लिहायचं आणि काय नाही?

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, सरलांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम सुरू होतं. गर्डर बसवणारं अवाढव्य यंत्र खाली आलं आणि २० जणांचा जीव गेला. असा अपघात झाला की आपल्यापर्यंत पोहोचतात त्या बातम्या ठरलेल्या असतात. बचावकार्य, गुन्हा, चौकशी, मृतांच्या कुटुंबांना मदत. ते साहजिकच आहे.

पण बांधकामाच्या साइटवर कुठलीही मोठी क्रेन पडली की त्याच दिवशी आणखी एक कागद तयार व्हावा लागतो. तो बातमीत कधी येत नाही. प्रकल्पाचा विमा उतरवलेल्या कंपनीला प्रोजेक्ट मॅनेजरनं पाठवायची नुकसानीची सूचना, हा तो कागद. पान-दीड पानाचं पत्र असतं. तरीही पुढे काही महिन्यांनी लाखो-कोटींचा दावा मंजूर होतो की अडकतो, हे बऱ्याचदा त्या पानातल्या एखाद्या वाक्यावर येऊन ठरतं.

मग या पत्रात नेमकं असतं काय?

आधी पॉलिसीबद्दल

बांधकामाच्या विम्याचे भारतात दोन मुख्य प्रकार चालतात. काम प्रामुख्यानं काँक्रीटचं, विटा-सिमेंटचं असेल तर 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क'. काम मुख्यतः लोखंडी सांगाडा उभारण्याचं किंवा यंत्रं बसवण्याचं असेल तर 'इरेक्शन ऑल रिस्क'. कारखान्याची शेड, गोदाम, विमानतळाचं छत, वीज प्रकल्प अशी कामं सहसा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नावात 'ऑल रिस्क' असलं तरी त्याचा अर्थ 'सगळं भरून मिळेल' असा नाही. अर्थ इतकाच की, पॉलिसीत जे स्पष्टपणे वगळलेलं नाही त्या कारणानं अचानक नुकसान झालं तर ते भरून मिळतं. म्हणजे खरी पॉलिसी वाचायची ती वगळलेल्या गोष्टींच्या यादीत. पॉलिसी घेताना ही यादी फार कमी लोक वाचतात आणि अपघातानंतर मात्र सगळेच वाचतात.

या यादीतली एक ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रचलित मजकुरानुसार, सदोष डिझाइन, सदोष माल किंवा निकृष्ट कारागिरी यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. पण त्यात एक अपवाद दिलेला असतो, तो उभारणी करतानाच्या चुकीचा. म्हणजे वर्कशॉपमध्ये तुळई चुकीची बनली आणि त्यामुळे ती पडली, तर पैसे मिळणं कठीण. तीच तुळई चांगली होती, पण उचलताना साइटवर चूक झाली, तर मात्र नुकसान विम्यात बसतं. जादा हप्ता भरून डिझाइनच्या दोषाचंही संरक्षण घेता येतं, पण ते आपोआप मिळत नाही.

आता हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट साइटवर घडते तशीच आहे.

गुरुवार, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं

समजा, चाकणजवळ एका कारखान्याच्या शेडचं काम चालू आहे. लोखंडी खांब उभे झालेत, आता त्यावर छताचे ट्रस चढवले जातायत. सहा ट्रस बसले. सातवा, साधारण सहा टनांचा, भाड्यानं आणलेल्या ८० टनी क्रेननं उचलला जातोय.

इथे 'मग ८० टनी क्रेनला सहा टन म्हणजे काहीच नाही' असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. ८० टन ही क्षमता ओझं क्रेनच्या अगदी जवळ असतानाची. क्रेनच्या मध्यापासून ओझं जितकं लांब जाईल तितकी क्षमता झपाट्यानं घटते. वीस मीटरवर हीच क्रेन मॉडेलनुसार दहा टनांच्या आतच उचलू शकते, आणि तेही तिचे बाजूला पसरणारे चारही पाय, म्हणजे आउटरिगर, पूर्ण उघडून घट्ट जमिनीवर टेकलेले असतील तरच.

तर ट्रस हवेत असताना क्रेन एका बाजूला कलंडते. बूम खाली येते, ट्रस वाकून पडतो, आधी बसवलेले दोन खांब पायातल्या बोल्टसकट उखडतात. बूमचं टोक शेजारच्या प्लॉटच्या कंपाउंड वॉलवर आणि तिथल्या एका गाडीवर जातं. दोन कामगार जखमी होतात.

पुढच्या दहा मिनिटांत साइटवर दोन गोष्टी बोलल्या जातात. एक रिगर सांगतो, "मागचा उजवा पाय आत गेला." तिथून महिन्यापूर्वी पावसाळी पाण्याचा पाइप टाकला होता आणि खंदक मुरुमानं भरून घेतला होता. दुसऱ्या बाजूला असलेला ज्युनिअर इंजिनीअर साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, "लिफ्टिंग लगचं वेल्डिंग गेलं." लग म्हणजे ट्रस उचलण्यासाठी त्यावर वेल्डिंगनं बसवलेला कान.

आता वरची वगळलेल्या गोष्टींची ओळ आठवा. पाय खचला असेल तर ती उभारणीतली चूक. लगचं वेल्डिंग वर्कशॉपमध्येच कच्चं राहिलं असेल तर ती कारागिरीतली चूक. अपघात तोच, मोडलेलं लोखंड तेच, पण एका उत्तरात पैसे मिळतात आणि दुसऱ्यात वाद सुरू होतो. त्या दुपारी खरं उत्तर साइटवर कुणालाच माहीत नाही.

पत्र कसं असतं?

जखमींना हॉस्पिटलमध्ये हलवणं, जागा मोकळी करणं, वीज बंद करणं हे आधी. पोलीस आणि कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा यांना कळवणं वेगळं आणि तेही टाळता येत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत क्रेन उलटणं ही घटना कुणाला इजा झाली नसली तरी कळवण्याजोगी मानली होती.

त्यानंतर प्रोजेक्ट मॅनेजर विमा कंपनीला फोन करतो आणि त्याच संध्याकाळी ईमेल पाठवतो. पॉलिसीच्या अटीत 'ताबडतोब, फोन किंवा टेलिग्रामनं आणि शिवाय लेखी' अशा धर्तीची भाषा असते. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण अनेक पॉलिसींच्या छापील मजकुरात ती अजून जिवंत आहे. प्रत्यक्षात फोन आणि ईमेल पुरतात. फोन किती वाजता केला आणि कुणाशी बोलणं झालं, हे ईमेलमध्ये लिहून ठेवलं की झालं.

हे पत्र बहुतेक इंग्रजीत जातं. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा असेल:

"आमच्या इरेक्शन ऑल रिस्क पॉलिसीअंतर्गत (क्रमांक व मुदत वर नमूद) नुकसानीची ही सूचना आहे. आज गुरुवारी दुपारी सुमारे ३.४० वाजता आमच्या चाकण येथील साइटवर सातवा ट्रस भाड्याच्या ८० टनी मोबाइल क्रेननं उचलला जात असताना क्रेन उलटली. प्राथमिक पाहणीत पुढील नुकसान दिसतं: सातवा ट्रस, सी-४ आणि सी-५ हे उभे केलेले खांब, त्यांचे पायाचे बोल्ट, क्रेनची बूम, लगतच्या मालमत्तेची भिंत व एक वाहन. आमच्या उप-कंत्राटदाराचे दोन कामगार जखमी असून उपचार घेत आहेत. बसवलेल्या कामाच्या नुकसानीचा प्राथमिक अंदाज ४५ ते ५० लाख रुपये आहे. तपशीलवार पाहणीनंतर तो बदलू शकतो. अपघाताचं कारण तपासलं जात आहे. जागा दोरी लावून बंद केली आहे व मोडलेले भाग आहेत त्या स्थितीत ठेवले आहेत. पाचव्या ट्रसला आधाराची गरज असल्यानं उद्या सकाळी ८ वाजता तिथे तात्पुरता टेकू द्यावा लागेल. त्यापूर्वी व नंतरचं छायाचित्रण करू. कृपया सर्व्हेअरची तातडीनं नेमणूक करावी. या सूचनेमुळे पॉलिसीअंतर्गत असलेले आमचे कोणतेही हक्क सोडले असं समजू नये."

एवढंच. वाचायला कोरडं आहे, आणि ते तसंच असायला हवं.

'कारण तपासलं जात आहे' या वाक्याची किंमत

प्रोजेक्ट मॅनेजरला त्या संध्याकाळी सगळ्यात मोठा मोह होतो तो कारण लिहून टाकण्याचा. वरिष्ठ विचारतायत, मालक विचारतोय, ग्रुपवर चर्चा चालू आहे. 'लिफ्टिंग लग तुटल्यामुळे क्रेन उलटली' असं एक वाक्य लिहिलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण ते वाक्य म्हणजे विमा घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं नोंदवलेलं कारण ठरतं. पुढे तपासात वेगळं निघालं तरी विमा कंपनी विचारणारच की, मग पहिल्या दिवशी तुम्ही असं का लिहिलंत?

उलट बाजूचा मोहही तितकाच घातक. लगबद्दल शंका आहे हे माहीत असताना 'पाय खचल्यामुळेच अपघात झाला' असं ठासून लिहिणं, किंवा इंजिनीअरला ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला लावणं. दावा कोणत्याही अंशानं बनावट असल्याचं दिसलं तर पॉलिसीखालचे सगळे फायदे गमावावे लागतात, अशी अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. म्हणून कारण माहीत नसेल तर 'माहीत नाही, तपास सुरू आहे' हे सुरक्षितही आहे आणि खरंही. मेसेज राहू द्यावा. तो एका घाबरलेल्या माणसाचा पहिला अंदाज आहे, आणि तो तसाच वाचला जाईल.

कारण कळायला किती वेळ लागू शकतो याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १४ जुलै १९९९ रोजी मिलवॉकी शहरात मिलर पार्क या बेसबॉल स्टेडियमचं छत चढवलं जात होतं. 'बिग ब्लू' या टोपणनावानं ओळखली जाणारी अजस्र क्रेन चारशे टनांहून जड छताचा तुकडा घेऊन कोसळली. तीन लोखंडकाम कामगार ठार झाले. विशेष म्हणजे सरकारी सुरक्षा खात्याचा एक निरीक्षक त्या वेळी कॅमेरा लावून चित्रीकरण करत होता. अपघात डोळ्यांदेखत टेपवर आला, तरी 'का पडली' हा वाद टेपनं मिटला नाही. त्या दिवशी वारा जोरात होता. पण हा वारा क्रेनवर किती आणि हवेत लटकणाऱ्या छताच्या रुंद तुकड्यावर किती जोर लावत होता, हा हिशेब कळीचा ठरला. क्रेनवरच्या वाऱ्याचा विचार झाला होता, ओझ्यावरच्या वाऱ्याचा पुरेसा झाला नव्हता. ते प्रकरण पुढे कोर्टात ज्युरीपर्यंत गेलं, आणि स्टेडियम एक वर्ष उशिरा, २००१ मध्ये उघडलं.

व्हिडिओ हाताशी असताना ही स्थिती. चाकणच्या आपल्या साइटवर तर दोन माणसांच्या दोन आठवणी आहेत.

मग कारण ठरतं कशावरून?

वस्तूंवरून. म्हणूनच पत्रातलं 'मोडलेले भाग आहेत त्या स्थितीत ठेवले आहेत' हे वाक्य नुसतं लिहून भागत नाही. पॉलिसीची अटच असते की, किरकोळ दुरुस्ती सोडली तर विमा कंपनीच्या प्रतिनिधीला पाहणीची संधी मिळेपर्यंत काही बदलायचं नाही. ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरनं करावी, असं विमा कायद्याचं कलम ६४ यूएम सांगतं. सर्व्हेअर वाजवी वेळेत आलाच नाही तर दुरुस्ती सुरू करण्याची मुभा असते. पण त्याला कधी बोलावलं होतं याचा लेखी पुरावा हवा.

सर्व्हेअर आल्यावर काय बघतो? आपल्या उदाहरणात तो पहिल्यांदा एक साधा प्रश्न विचारेल. क्रेन आडवी पडली तेव्हा ट्रस हुकालाच होता का? जमीन खचून क्रेन कलंडत गेली असेल तर ओझं आणखी लांब जातं, क्रेनवरचा भार वाढत जातो आणि ती ओझ्यासकट पडते. याउलट लग आधी तुटला असेल तर ओझं सुटल्याची किंवा एका बाजूला झटक्यानं झुलल्याची खूण मिळते. आधुनिक क्रेनमध्ये भार आणि अंतर मोजणारं यंत्र असतं आणि काही मॉडेलमध्ये त्याची नोंद साठवली जाते. ती नोंद क्रेनमालक मशीन हलवण्याआधी उतरवून घ्यायला हवी.

मग लगची तुटलेली कड. वेल्डिंग आधीपासून कच्चं असेल तर त्या कडेवर धातू एकजीव न झालेला गुळगुळीत पट्टा किंवा गंजलेली जुनी चीर दिसू शकते. जोर पडून नव्यानंच फाटलं असेल तर सगळी कड ताजी आणि खडबडीत दिसते. म्हणून तुटलेले दोन भाग 'बसतायत का बघू' म्हणून एकमेकांवर घासून बघायचे नाहीत, तेल लावायचं नाही, पावसाचे दिवस असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. आणि गॅस कटरवाला आला की त्याला तुटलेल्या जागेपासून लांब, खडूनं आखलेल्या रेषेवरच कापायला सांगायचं. पुरावा नष्ट होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण लबाडी नसून हा कटर असतो. रात्रीत जागा साफ करून टाकायची, ही साइटवरची जुनी सवय.

तिसरी वस्तू म्हणजे जमीन. पाय किती खोल गेला त्याचं मोजमाप, पायाखाली लाकडी किंवा लोखंडी पाटा होता का, होता तर केवढा, आणि पाइपच्या खंदकाचं ड्रॉइंग. जोडीला त्या दिवसाचं लिफ्टिंग परमिट, ऑपरेटरचा परवाना, क्रेनचं तपासणी प्रमाणपत्र आणि सीसीटीव्ही. सीसीटीव्हीची घाई करावी लागते, कारण अनेक साइटवर जुनं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे कागद नीट असतील तर दावा मजबूत होतो आणि नसतील तर लपवून भागत नाही. क्रेनचं भार-सूचक यंत्र मुद्दाम बंद केलं होतं आणि हे साइटच्या वरिष्ठांना माहीत होतं, असं निघालं तर विमा कंपनी 'जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा' या कलमाखाली दावा नाकारू शकते. साधी चूक आणि जाणूनबुजून केलेली हयगय यांच्यातली ही रेषा पॉलिसीत फार महत्त्वाची आहे.

एका अपघातात किती विमे?

आपल्या उदाहरणातली क्रेन भाड्याची आहे. इथे बहुतेक प्रोजेक्ट मॅनेजर फसतात. इरेक्शन पॉलिसी उभारल्या जाणाऱ्या कामाची असते, उभारणाऱ्या यंत्राची नसते. क्रेनचा वेगळा उल्लेख आणि रक्कम पॉलिसीत नसेल तर मोडलेल्या बूमचे पैसे त्यातून येणार नाहीत. त्यासाठी क्रेनमालकाचा स्वतःचा यंत्रसामग्रीचा विमा असतो आणि त्याच्या कंपनीला त्यानं वेगळी सूचना द्यायची असते. भाडेकरारात नुकसानीची जबाबदारी कुणावर टाकलीय, हेही त्याच रात्री वाचावं लागतं.

जखमी कामगारांची भरपाई कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा आणि राज्य विमा योजना या वाटेनं जाते, या पॉलिसीतून नाही. शेजाऱ्याची भिंत आणि गाडी मात्र याच पॉलिसीच्या दुसऱ्या, त्रयस्थ-जबाबदारीच्या भागात येऊ शकते. त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं. शेजारी चिडून आला की प्रोजेक्ट मॅनेजर स्वाभाविकपणे म्हणतो, "साहेब, चूक आमचीच, सगळं भरून देऊ." माणूस म्हणून ते योग्यच आहे. पण विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही किंवा पैशांचं आश्वासन द्यायचं नाही, अशी अट असते. 'आम्ही विमा कंपनीला कळवलंय, त्यांचा माणूस येऊन पाहणी करेल' इतकं सांगता येतं, आणि उघडी पडलेली भिंत पत्रे लावून लगेच बंद करता येते.

क्रेनमालकाशी 'आपसात मिटवू' हाही असाच एक सापळा. विमा कंपनीनं पैसे दिले की ज्याच्या चुकीनं नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. प्रोजेक्ट मॅनेजरनं त्याआधीच क्रेनमालकाला 'आमची काही मागणी नाही' असं लिहून दिलं असेल तर त्यानं विमा कंपनीचा हक्कच बुडवला, असा आक्षेप येतो.

उशीर झाला तर?

प्रचलित मजकुरात घटनेपासून १४ दिवसांची मर्यादा असते. तेवढ्यात सूचना पोहोचली नाही तर विमा कंपनी जबाबदार राहणार नाही, असं ती अट म्हणते. इथे 'पोहोचली' म्हणजे विमा कंपनीकडे. ब्रोकरला फोन केला आणि निश्चिंत झालो, हे चालत नाही, कारण ब्रोकर हा विमा घेणाऱ्याचा प्रतिनिधी असतो. पॉलिसी अनेक कंपन्यांनी वाटून घेतली असेल तर निदान मुख्य कंपनीला तरी थेट कळवावं लागतं.

कोर्टात या मुद्द्यावर काय होतं, याचं एकच एक उत्तर नाही. विमा नियामकानं २०११ मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं की, खरे दावे केवळ उशिराच्या कारणावरून यांत्रिकपणे नाकारू नका. ओमप्रकाश यांच्या ट्रकचोरीच्या प्रकरणात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तसाच सूर लावला. गलाडा पॉवर प्रकरणात २०१६ मध्ये कोर्टानं म्हटलं की, विमा कंपनीनं दावा नाकारतानाच्या पत्रात उशिराचा मुद्दा काढलाच नसेल तर नंतर तो उकरून काढता येणार नाही. पण सोनेल क्लॉक्स प्रकरणात, २०१८ मध्ये, पावसानं झालेलं नुकसान जवळपास चार महिन्यांनी कळवलं होतं आणि तिथे कोर्टानं विमा कंपनीची बाजू उचलून धरली. कंपनीनं सर्व्हेअर नेमला, याचा अर्थ तिनं मुदतीची अट सोडली असा होत नाही, असंही सांगितलं.

ही प्रकरणं वेगवेगळ्या प्रकारच्या पॉलिसींची आहेत, क्रेनची नाहीत. तरी साइटवरच्या माणसासाठी त्यातून निघणारं चित्र स्पष्ट आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जायची तयारी हवी. फोन आणि ईमेलला अर्धा तास लागतो.

९६ लाखांचे ३० लाख कसे होतात?

आता शेवटचा भाग, जिथे प्रोजेक्ट मॅनेजर आणि मालक यांच्यात सगळ्यात जास्त खटके उडतात. समजा, साइट ऑफिसनं नुकसानीचा तक्ता केला. नवे ट्रस, खांब, बोल्ट बनवून बसवणं ४६ लाख. मलबा हटवणं ४ लाख. क्रेनची बूम ३० लाख. भिंत आणि गाडी ६ लाख. रिकामे बसलेले मजूर आणि उशिराचा दंड १० लाख. एकूण ९६ लाख.

यातली बूम क्रेनमालकाच्या विम्याकडे जाते. दंड आणि रिकामा वेळ हे परिणामी नुकसान म्हणून वगळलेलं असतं. मलबा हटवण्यासाठी पॉलिसीत वेगळी रक्कम घेतली नव्हती, म्हणून तेही जातं. भिंत आणि गाडी त्रयस्थ भागात वेगळी मोजली जाईल. उरले ४६ लाख. त्यातून भंगाराचे २ लाख वजा, म्हणजे ४४.

इथे सर्व्हेअर एक प्रश्न विचारतो, ज्याचा अपघाताशी काहीच संबंध नाही. 'पॉलिसी किती रकमेची आहे, आणि पूर्ण झाल्यावर या कामाची किंमत किती होणार आहे?' पॉलिसी घेतली तेव्हा काम ४० कोटींचं होतं. मग लोखंडाचे भाव वाढले, शेडला दोन गाळे जोडले गेले आणि काम ५० कोटींवर गेलं. हे विमा कंपनीला कुणी कळवलं नाही. म्हणजे कामाचा ८० टक्केच विमा उतरवला होता. मग नुकसानही ८० टक्केच मिळणार, ३५ लाख २० हजार. त्यातून विमा घेणाऱ्यानं स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, समजा ५ लाख, वजा केली की हातात येतात ३० लाख २० हजार.

या हिशेबामुळे पत्रातला अंदाज नेमका हवा. मालकाच्या दबावाखाली तिथे '९६ लाख' लिहिलं तर ते कापलं जाणारच, शिवाय आकडा फुगवल्याचा शिक्का बसतो. फार कमी लिहिलं तर विमा कंपनी प्रकरण किरकोळ समजून सावकाश हाताळते. म्हणून नमुना पत्रात फक्त बसवलेल्या कामाचा आकडा आहे, तोही 'पंचेचाळीस ते पन्नास' असा, आणि पुढे 'बदलू शकतो' ही पुस्ती. भिंत, गाडी, क्रेन यांचा उल्लेख आहे, आकडा नाही.

आणि एक दुसरं छोटं पत्रही असतं, जे हमखास राहून जातं. बहुतेक पॉलिसींमध्ये दावा झाला की विम्याची रक्कम तेवढ्यानं कमी होते. उरलेल्या मुदतीसाठी जादा हप्ता भरून ती पूर्ववत करून घ्यावी लागते, आणि तशी लेखी मागणी करावी लागते. आपल्या उदाहरणात ती रक्कम ४० कोटींवरून खरं तर ५० कोटींवर न्यायला हवी. आठवा ट्रस उचलायला दुसरी क्रेन साइटच्या गेटमधून आत येण्याआधी हे पत्र जायला हवं.